चौतीस टक्क्यांची गोष्ट

एप्रिलमध्ये चिंचवडहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलाची मराठी माध्यमातली सहावी नुकतीच संपली होती. वडिलांनी मोबाइल पुढे केला. त्यावर कुठल्याशा बातमीचं कात्रण होतं: ‘अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्यांना ३४ टक्के जास्त पगार’. म्हणाले, “सर, आता सातवीला इंग्रजी माध्यमात घालतो. वर्ष वाया गेलं तरी चालेल. आमची चूक झाली, ती त्याला का भोगायला लावायची?” मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून नखं कुरतडत होता.

आकडा खोटा नव्हता. २००५च्या ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’मध्ये देशभरातल्या ४० हजारांहून अधिक कुटुंबांना नाना प्रश्न विचारले गेले. त्यातला एक होता इंग्रजी बोलता येतं का, आणि उत्तरं तीनच: अस्खलित, थोडंफार, अजिबात नाही. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी ती उत्तरं कमाईशी जोडून पाहिली. इंग्रजी अजिबात न येणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत अस्खलित बोलणाऱ्यांची ताशी कमाई सरासरी ३४ टक्क्यांनी जास्त निघाली, थोडंफार बोलणाऱ्यांची १३ टक्क्यांनी.

पण प्रश्न बोलता येण्याचा होता, माध्यमाचा नव्हता. कात्रणापासून शाळेच्या दाखल्यापर्यंतची उडी वडिलांनी स्वतःच मारली होती. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती बातमीत आली नव्हती. तरुण कामगारांमध्ये इंग्रजीचा फायदा जास्त शिकलेल्यांनाच मिळत होता. शिक्षण अर्धवट राहिलेल्या तरुणाला नुसत्या इंग्रजीने फारसं काही मिळत नव्हतं.

तरी समजा, एखाद्या पाहणीत थेट माध्यमच विचारलं आणि इंग्रजी माध्यमवाल्यांचे पगार जास्त निघाले, तर? मी कागद ओढला आणि वडिलांना एक हिशेब करून दाखवला. आकडे मनाचे, सोपे घेतले.

दोनशे तरुण धरा. शंभर जणांच्या घरी आईवडील पदवीधर, नोकरदार. उरलेल्या शंभरांच्या घरी हातावरचं पोट. पहिल्या घरांतली ८० मुलं इंग्रजी माध्यमात गेली, २० मराठी. दुसऱ्या घरांत नेमकं उलट: २० इंग्रजी, ८० मराठी. आता असं माना की माध्यमाने पगारात एक रुपयाचाही फरक पडत नाही. पहिल्या घरांतला प्रत्येक जण महिना ४० हजार कमावतो, दुसऱ्या घरांतला २० हजार. मग शिकला कुठल्याही माध्यमात असो.

सरासरी काढा. इंग्रजी माध्यमातले १०० जण: ८० जणांना ४० हजार, २० जणांना २० हजार, म्हणजे सरासरी ३६ हजार. मराठी माध्यमातले १०० जण: २० जणांना ४० हजार, ८० जणांना २० हजार, म्हणजे सरासरी २४ हजार. इंग्रजी माध्यमवाला दीडपट कमावतो! बातमी तयार. आणि हिशेब सुरू करतानाच आपण ठरवलं होतं की माध्यमाचा परिणाम शून्य.

वडिलांनी कागद स्वतःकडे फिरवून बेरीज पुन्हा केली. हिशेबनीस माणूस.

याला आपल्याकडे पटकन ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ म्हणतात, पण ते इथे लागू पडत नाही. कावळ्याचा योगायोग उद्या पुन्हा घडणार नाही. हा फरक मात्र दर पाहणीत दिसेल, कारण माध्यम आणि पगार या दोन्हींच्या मागे घर उभं आहे. पुस्तकात याला आभासी संबंध म्हणतात. सहसंबंध खरा असतो, कार्यकारणभाव नसतो. तो ओळखायचा तर घरं वेगळी करून बघायचं: पदवीधर घरांत मराठी माध्यमवाला किती कमावतो आणि इंग्रजीवाला किती? आपल्या हिशेबात दोघेही ४० हजारच. फरक गायब.

अभ्यासक हे करतात. ३४ टक्क्यांचा आकडाही वय, सामाजिक गट, शिक्षणाची वर्षं, राहण्याचं ठिकाण अशा गोष्टी वजा करून आलेला आहे. पण घरातलं सगळंच प्रश्नावलीत मावत नाही. मामाची कंपनीत ओळख असणं, घरी वर्तमानपत्र येणं, दहावीनंतर दोन वर्षं कमवायची सक्ती नसणं, हे कुठल्या रकान्यात भरणार? शिवाय उलट्या दिशेचाही प्रवाह असतो. चांगल्या नोकरीत लागल्यावर रोज ईमेल लिहून, बैठकांत बोलून ज्याचं इंग्रजी सुधारलं, तोही पाहणीत ‘अस्खलित’च. त्याचं इंग्रजी नोकरीमुळे आलं, पण आकडा नोकरी इंग्रजीमुळे लागल्यासारखा वाचला जातो.

घराचा हा हात किती लांब असतो, हे मुंबईतल्या दादरच्या एका अभ्यासात दिसतं. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तिथल्या मराठी कुटुंबांतल्या मुलामुलींची वीस वर्षांतली शाळाप्रवेशाची आणि कमाईची माहिती गोळा केली. अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. १९९०च्या दशकात कार्यालयीन नोकऱ्यांचा मोबदला बराच वाढला होता, तरी कामगारवर्गी जातींतले मुलगे मराठी शाळांतच जात राहिले. कारण जातभाईंच्या ओळखीने लागणारं पारंपरिक काम त्याच वाटेने मिळे. त्याच घरांतल्या मुलींना त्या ओळखींचा कधी उपयोगच नव्हता, म्हणून त्या भराभर इंग्रजी शाळांकडे वळल्या. म्हणजे माध्यमाची निवड आणि पुढचं काम, दोन्ही एकाच जाळ्यातून ठरत होतं. असा मुलगा कमी कमावताना दिसला, तर दोष शाळेतल्या भाषेचा की त्या जाळ्याचा, हे नुसत्या सरासरीवरून सांगता येणार नाही. याच दोघांना घरातले फरक सांभाळूनही इंग्रजी शाळांचा फायदा वाढताना दिसला, हेही इथे सांगायला हवं. सोयीचं तेवढंच सांगणं बरं नाही.

मग इंग्रजीचा खरा परिणाम कसा मोजायचा? जिथे निवड घराच्या हातात नव्हती, असा प्रसंग शोधायचा. पश्चिम बंगालमध्ये तो सापडला. १९८०च्या दशकात तिथल्या डाव्या आघाडीच्या सरकारने सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी विषय काढला आणि तो सहावीपासून ठेवला. कुणाच्या वाट्याला लवकर इंग्रजी यावं, हे आता मुख्यतः जन्मसालावर ठरू लागलं. पुढे अर्थतज्ज्ञांनी या पिढ्यांची तुलना केली, तेव्हा प्राथमिकला इंग्रजी न मिळालेल्यांचे पगार लक्षणीय कमी आढळले. म्हणजे इंग्रजी येण्याला स्वतःची किंमत आहे. पण त्या शाळा आधीही स्थानिक माध्यमाच्या होत्या आणि नंतरही. गेला तो विषय, माध्यम नव्हे.

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय २०००पासून आहे. चिंचवडच्या मुलाच्या शाळेत आठवीपासून सेमी इंग्रजीचा वर्गही होता, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. वडिलांना ते ठाऊक होतं, पण कात्रणापुढे त्याचं वजन पडलं नव्हतं.

मी सांगितलं, शाळा बदलू नका. सातवीत माध्यम बदललं तर इतिहास-भूगोलही अनोळखी भाषेत, आणि शिक्षणातून गळण्याचा धोका वाढतो. जास्त शिकल्याशिवाय तरुणांना इंग्रजीचा फायदा मिळत नाही, हे तुमच्याच कात्रणामागचा अभ्यास सांगतो. बोलण्याचा सराव वेगळा करून घ्या, रोज अर्धा तास, आणि आठवीला सेमीत घाला.

जूनमध्ये प्रवेशासाठी जाल, तेव्हा एखादी शाळा माजी विद्यार्थ्यांच्या पगारांचा तक्ता दाखवेल. तो जरूर पाहा, आणि एवढंच विचारा: या मुलांचे आईवडील काय करत होते?