घटक ४ : माहिती मागणारे प्रश्न – भाड्याच्या सदनिकेची चौकशी

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• 'का'-प्रश्न व 'किती'-प्रश्न यांच्या उत्तरांतील फरक सांगता येईल.
• मोजमापाची माहिती मागणारे लेखी निवेदन तयार करता येईल.
• मिळालेल्या उत्तरातील संदिग्धता ओळखून पूरक प्रश्न विचारता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण औपचारिक पत्राची अंगे पाहिली. या घटकात चौकशीच्या भाषेचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी पुढील प्रसंग कल्पिला आहे. चाकाची खुर्ची वापरणारी एक व्यक्ती मानखुर्द परिसरात भाड्याने सदनिका शोधत आहे. एजंटाने चार जागा सुचविल्या आहेत. प्रत्येक जागा पाहण्यासाठी टॅक्सी, सोबतीला माणूस आणि अर्धा दिवस लागतो. त्यामुळे कोणत्या जागा पाहावयाच्या, हे जाण्यापूर्वीच ठरविणे भाग आहे. येथे प्रश्न नीट विचारला गेला नाही, तर त्याची किंमत इमारतीच्या दाराशी पोहोचल्यावर मोजावी लागते. टोकनची रक्कम आधीच दिली असेल, तर ती अधिकच जड जाते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ 'पायऱ्या आहेत का?'

'का' लावून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे असावे, अशी व्याकरणाची अपेक्षा असते. व्यवहारात मात्र उत्तर देणारा स्वतःचे माप लावतो. "पायऱ्या आहेत का?" या प्रश्नाला "नाही हो, दोन-तीनच आहेत" असे उत्तर येते. सांगणारा खोटे बोलत नसतो. दोन-तीन पायऱ्या त्याच्या लेखी पायऱ्याच नसतात. 'दोन-तीनच' मधील 'च' हे शब्दयोगी अव्यय येथे संख्येचे महत्त्व कमी करते. चाकाच्या खुर्चीसाठी मात्र एक पायरीही तेवढीच अडवणूक करते.

मुंबईत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून इमारतींचे जोते रस्त्यापेक्षा उंच ठेवण्याची पद्धत आहे. परिणामी लिफ्ट असलेल्या इमारतीतही लिफ्टपर्यंत पोहोचण्यापूर्वी पायऱ्या लागतात. अशा वेळी "रॅम्प आहे" हे उत्तरही पुरेसे नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत उताराचे सर्वसाधारण प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १ फूट चढण्यासाठी १२ फूट लांबी. प्रत्येकी १५० मिलिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५० मिलिमीटर उंची, तिच्यासाठी ५.४ मीटर लांबीचा उतार हवा. दुचाकी चढविण्यासाठी केलेला दीड मीटरचा सिमेंटचा उतारही बोलण्यात 'रॅम्प'च असतो, परंतु त्यावरून खुर्ची सुरक्षितपणे नेता येत नाही.

म्हणून प्रश्न असा हवा : "रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? रॅम्प असल्यास त्याची लांबी किती व तो किती उंची चढतो?" 'किती'चे उत्तर संख्येनेच द्यावे लागते, म्हणून सांगणाऱ्याला अंदाज सोडून मोजावे लागते.

४.२.२ 'दरवाजा केवढा आहे?'

दुसरी अडचण नामाच्या अर्थाची आहे. सुतार, बिल्डर आणि घरमालक 'अडीच फुटी दरवाजा' म्हणतात, तेव्हा बहुधा चौकटीसह माप त्यांच्या मनात असते. खुर्चीला मात्र जाण्यापुरती मोकळी जागा हवी असते. उदाहरण पाहू. अडीच फूट म्हणजे सुमारे ७६२ मिलिमीटर. चौकटीच्या दोन्ही बाजूंचे लाकूड प्रत्येकी ६० मिलिमीटर धरले, तर ६४२ उरतात. दरवाजा काटकोनात उघडला तरी फळी वीसेक मिलिमीटर आत येते. म्हणजे वाट सुमारे ६२० मिलिमीटरची राहिली. आपल्या उदाहरणातील खुर्चीची रुंदी ६४० मिलिमीटर आहे. 'अडीच फूट' ऐकून ही खुर्ची सहज जाईल असे वाटले होते. प्रत्यक्षात ती जात नाही. शिवाय चाके हाताने फिरविणाऱ्याच्या बोटांना दोन्ही बाजूंना थोडी जागा लागते. सुगम इमारतीसाठी संहितेत ९०० मिलिमीटरची मोकळी रुंदी अपेक्षिली आहे, ती यासाठीच.

मुख्य दरवाजा मोठा असला, तरी स्नानगृह व शौचालयाचे दरवाजे बहुधा अरुंद असतात. म्हणून "दरवाजा केवढा?" या एकवचनी प्रश्नाऐवजी प्रत्येक दरवाज्याचे नाव घेऊन विचारावे, आणि मोजण्याची रीतही सांगावी : "दरवाजा पूर्ण उघडा ठेवून, फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत." उंबरठ्याची उंचीही याच वेळी विचारावी.

४.२.३ 'लिफ्ट आहे?'

लिफ्टच्या आत लावलेल्या पाटीवर क्षमता लिहिलेली असते. भारतात एका व्यक्तीचे वजन ६८ किलो धरले जाते. म्हणून सहा व्यक्तींच्या लिफ्टवर ४०८ किलो, तर आठ व्यक्तींच्या लिफ्टवर ५४४ किलो असते. या पाटीचा फोटो मागविणे उपयुक्त, कारण क्षमतेवरून आकाराचा अंदाज बांधता येतो. भारतीय मानकातील सहा व्यक्तींच्या लिफ्टची रुंदी ११०० व खोली १००० मिलिमीटर, आठ व्यक्तींच्या लिफ्टची रुंदी १३०० व खोली ११०० मिलिमीटर असते. दारांची रुंदी अनुक्रमे ७०० व ८०० मिलिमीटर असते.

आपल्या उदाहरणातील खुर्चीची लांबी मागच्या चाकापासून बुटाच्या टोकापर्यंत १०८० मिलिमीटर आहे. सहा व्यक्तींच्या लिफ्टमध्ये ती दारातून आत जाईल, पण दार बंद होणार नाही. आठ व्यक्तींच्या लिफ्टमध्ये जेमतेम बसेल. सोबतच्या माणसाला मागे नव्हे, बाजूला उभे राहावे लागेल. संहितेच्या २००५ च्या आवृत्तीने व्हीलचेअरसाठी सुचविलेली लिफ्ट तेरा व्यक्तींची होती : रुंदी २०००, खोली ११०० व दार ९०० मिलिमीटर. जुन्या लिफ्टचे माप मानकापेक्षा वेगळे असू शकते, म्हणून पाटी हा केवळ अंदाज. निर्णय टेपने मोजलेल्या खोलीवर घ्यावा. लिफ्ट मजल्याच्या पातळीवर थांबते की खाली-वर, हेही विचारावे.

४.२.४ नमुना निवेदन

"सप्रेम नमस्कार. आपण कळविलेल्या मानखुर्द येथील सदनिकेविषयी पुढील माहिती हवी आहे. मी ६४० मिलिमीटर रुंद व १०८० मिलिमीटर लांब व्हीलचेअर वापरतो.
१) रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? रॅम्पची लांबी व उंची किती?
२) लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतील खोली किती? क्षमतेच्या पाटीचा फोटो पाठवावा.
३) मुख्य, शयनगृह व स्नानगृह या दरवाज्यांची मोकळी रुंदी किती? दरवाजा पूर्ण उघडून, टेप लावलेला फोटो मिळाल्यास उत्तम.
मापे जुळल्यास मी रविवारी जागा पाहण्यास येईन. आपला आभारी आहे."

या निवेदनात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. खुर्चीची मापे आरंभीच दिल्यामुळे वाचणाऱ्याला प्रश्नांचे कारण कळते आणि तो स्वतः तुलना करू शकतो. प्रश्नांचा क्रम रस्त्यापासून घरापर्यंतच्या वाटेचा आहे. या वाटेत एक जागा अडली, तर पुढची मापे विचारण्याचे कारण उरत नाही. "या, बघून घ्या, होईल काहीतरी" असे उत्तर आले, तर त्याला नकार समजू नये आणि होकारही समजू नये; नम्रपणे तोच 'किती'-प्रश्न पुन्हा विचारावा.

४.३ सारांश

'का'-प्रश्नात निर्णय उत्तर देणाऱ्याच्या हाती जातो; 'किती'-प्रश्नात तो विचारणाऱ्याकडे राहतो. मात्र मोजण्याची रीत सांगितल्याशिवाय संख्याही फसवी ठरू शकते.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्न

१) "तशी लिफ्ट आहे, पण लहान आहे." या उत्तरातील 'तशी' व 'लहान' या शब्दांची संदिग्धता स्पष्ट करून दोन पूरक प्रश्न लिहा.
२) चौकटीसह दरवाजा ८४० मिलिमीटर, चौकटीचे लाकूड प्रत्येकी ६० मिलिमीटर व फळीमुळे २० मिलिमीटर कमी होत असल्यास मोकळी रुंदी काढा. ६४० मिलिमीटरची खुर्ची जाईल का? बोटांसाठी किती जागा उरेल?
३) आपल्या राहत्या इमारतीतील रस्त्यापासून घरापर्यंतची वाट मोजून, वरील नमुन्यातील प्रश्नांची उत्तरे घरमालकाच्या भूमिकेतून लिहा.