फरशी लागू दे, मग बॉक्स काप

शिरूर

चि. बाळास,


सणसवाडीच्या फ्लॅटचा तुझा कागद पाहिला. दहा फुटी भिंतीला ९००, ९००, ६००, ४५० आणि बाटल्यांचा १५० असे पाच बॉक्स मांडून तू बेरीज ३००० मिमी केलीस. माप ३०३२ आलं, म्हणजे ३२ मिमी शिल्लक, असं तुझं गणित. पण ते माप प्लास्टरचं आहे. गिऱ्हाईक बाजूच्या दोन्ही भिंतींनाही खालपासून फरशी लावणार म्हणतं. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून एका बाजूला २० मिमी धर. दोन्हीकडचे ४० गेले की उरले २९९२. तुझा शेवटचा बॉक्स आत जाणारच नाही.

फरशी लागल्यावर पुन्हा माप घे. जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला, आणि दोन्ही ठिकाणी मागच्या कोपऱ्यात व भिंतीपासून ६०० मिमी पुढे. आपल्याकडे भिंत क्वचितच ओळंब्यात असते आणि कोपरा गुण्यात असला तर नशीब समज. या सगळ्यांत लहान भरेल ते खरं माप.

समज, २९९२च आलं. बाटल्यांचा बॉक्स काढ, ४५०च्या जागी ५०० घे. बेरीज २९००, उरले ९२. हे दोन्ही टोकांना ४६-४६ फिलर म्हणून सोड. फिलर म्हणजे वाया गेलेली जागा, असं गिऱ्हाईक म्हणेल. म्हणू दे. भिंतीला चिकटून ड्रॉवर लावलास तर फुगलेल्या फरशीला त्याचा दर्शनी भाग घासतो, हँडल भिंतीवर आपटतं. फिलरची पट्टी मात्र जरा रुंदच ने आणि जागेवर भिंतीच्या तिरकेपणाप्रमाणे तास.

क्रम लावताना आधी सिंकचा ९०० ठरव, कारण पाण्याची लाइन आणि ड्रेन हलत नाहीत. मग ५००, शेगडीखाली दुसरा ९०० ड्रॉवरचा, आणि टोकाला सिलिंडरचा ६००. त्याला तळ लावू नकोस, सिलिंडर जमिनीवरच राहू दे. दाराला हवेच्या फटी ठेव.

खोली तू ६०० लिहिलीस, ती ओट्याची. बॉक्स ५६० चा, त्यावर १८ चं दार, आणि उरलेल्या २२ मिमीने ग्रॅनाइट पुढे येतो, म्हणजे सांडलेलं पाणी दारावर उतरत नाही. उंची पाय १००, बॉक्स ७२०, ग्रॅनाइट २० मिळून ८४०. पण त्या घरच्या वहिनींना ओट्यापाशी उभं करून बघ. उंच असतील तर पाय १५० चे लाव, बॉक्स बदलायची गरज नाही. वरची कपाटं ३०० खोलीची, ओट्यापासून ६०० वर.

फरशीवाला कधी येतोय ते आजच विचार. तोवर प्लायवूड कापायला टाकू नकोस.

तुझा,
मामा