पाच वर्षांनी पैसे द्यायचेत? मग पाच वर्षांचा बॉण्ड का चुकतो

समजा, तुम्हाला पाच वर्षांनी मशीनचे १० लाख द्यायचेत. ७ टक्क्यांनी आज ७.१३ लाख गुंतवावे लागतील.

वर्षाला ७ टक्के व्याज देणारा पाच वर्षांचा सरकारी बॉण्ड घेतला आणि लगेच दर ६ टक्क्यांवर आला, तर आलेलं व्याज कमी दराने गुंतवावं लागतं. शेवटी सुमारे ५,७०० रुपये कमी पडतात. कारण त्याचं ड्युरेशन, म्हणजे पैसे हातात येण्याचा भारित सरासरी काळ, ४.४ वर्षंच असतं.

तसाच सहा वर्षांचा बॉण्ड घ्या. त्याचं ड्युरेशन ५.१ आहे. तो पाचव्या वर्षी विका. दर घसरला की व्याजात तोटा होतो, पण विक्रीचा भाव वाढतो. दर ६ टक्के झाला तर हजारभर जास्त, ८ टक्के झाला तर आठशेच कमी.

एकदा जुळवून मात्र विसरू नका. ड्युरेशन आणि उरलेली वर्षं सारखी घटत नाहीत, म्हणून दरवर्षी दोन्ही तपासा.