चार लेख, एकच विषय: सोसायटीचा जीएसटी

सीएची आर्टिकलशिप करणारी मुलं लिहायला बसली की पहिला मथळा ठरलेला असतो: ‘आयकर म्हणजे काय?’ त्यावर शेकडोंनी लिहून झालंय. त्यापेक्षा गृहनिर्माण सोसायट्यांचा कर एवढाच विषय धरा आणि पंधरा दिवसांनी एक, असे चार लेख लिहा. वाचक शोधावा लागत नाही. तुमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार या प्रश्नांनी बेजार असतात.

पहिला लेख मेंटेनन्सवरच्या जीएसटीचा. चाळीस फ्लॅटची सोसायटी, प्रत्येकी महिना ८,००० रुपये. वर्षाची उलाढाल ३८ लाख ४० हजार, म्हणजे २० लाखांच्या वर, आणि दरमहा ७,५०० ची सूटमर्यादाही ओलांडलेली. कर १८ टक्के, पण कशावर? २०१९ च्या परिपत्रकानुसार पूर्ण ८,००० वर, म्हणजे १,४४० रुपये. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मात्र फक्त वरच्या ५०० वर कर लागेल असं म्हटलं; तसं धरलं तर ९० रुपये. दोन्ही आकडे शेजारी मांडा आणि हा वाद आहे हे स्पष्ट लिहा. एकच बाजू ठामपणे सांगणारा लेख सेक्रेटरींना गोत्यात आणतो.

दुसऱ्या लेखात वीस फ्लॅटची सोसायटी घ्या. मेंटेनन्स तेवढाच, पण उलाढाल १९ लाख २० हजार, म्हणून नोंदणीची गरज नाही. आता गच्चीवर मोबाइल टॉवर आला आणि वर्षाला तीन लाख भाडं मिळू लागलं, की बेरीज २२ लाख २० हजार होते आणि नोंदणी करावी लागते. खरी चूक इथेच होते, कारण समिती टॉवरचं भाडं वेगळं समजते. उरलेले दोन लेख वाचकांच्या प्रश्नांतून निघू द्या.

प्रत्येक लेखावर ‘अमुक तारखेपर्यंतच्या नियमांनुसार’ असं लिहा, परिपत्रकाचा क्रमांक द्या आणि मूळ मजकूर स्वतः वाचा. कोचिंगच्या नोट्सवर विसंबू नका, त्यात जुने दर राहून जातात.

पालकांची काळजी असते की यात परीक्षा मागे पडेल. ती रास्त आहे, म्हणून परीक्षेआधीच्या महिन्यांत लेखन बंदच ठेवा. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. ऑफिसातल्या क्लायंटची माहिती, नाव बदलूनसुद्धा, लेखात येता कामा नये. सुरुवातीलाच प्रिन्सिपलची परवानगी घ्या आणि लेखाखाली ‘सेवेसाठी संपर्क करा’ लिहू नका. सीएंना कामाची जाहिरात करण्यावर बंधनं आहेत.

लेख उपयोगी पडतोय का, हे कौतुकावरून कळत नाही. एखादे खजिनदार आपलं बिल पुढे करून ‘यात पाण्याचे पैसे धरायचे का?’ असं विचारू लागले, की तिसऱ्या लेखाचा विषय मिळाला.