ग्रंथालयातील ई-पुस्तक : प्रत नव्हे, परवाना

पेडणे किंवा डिचोलीच्या ग्रंथालयाने एखाद्या कथासंग्रहाची छापील प्रत विकत घेतली, की त्या प्रतीवर दाखल क्रमांक पडतो आणि बांधणी सुटेपर्यंत ती वाचकांच्या हाती फिरते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने प्रती वितरित करण्याचा हक्क लेखकाला दिला आहे, पण एकदा वितरित झालेल्या प्रतींना तो लागू होत नाही. म्हणून ते पुस्तक वाचायला देण्यासाठी ग्रंथालयाला लेखकाची पुन्हा परवानगी लागत नाही.

ई-पुस्तकाचे तसे नाही. फाइल दुसऱ्याला पाठवली की नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क लेखकाकडेच असतो. त्यामुळे ग्रंथालय ई-पुस्तक ‘विकत घेते’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात ते वापराचा परवाना घेत असते. त्याच्या अटी स्वतंत्र लेखकाने स्वतः समजून घ्याव्या लागतात.

रूढ परवाना ‘एक प्रत, एक वाचक’ असा असतो. पुस्तक एकाकडे असेपर्यंत दुसरा प्रतीक्षायादीत राहतो आणि मुदत संपताच फाइल आपोआप बंद होते. अनेक प्रकाशक याला दोन वर्षांची किंवा ठरावीक वाचनांची मर्यादा घालतात. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने ही मर्यादा २६ वेळांची ठेवली. दोन आठवड्यांच्या मुदतीने २६ वाचने म्हणजे सलग एक वर्ष. दुसऱ्या प्रकारात आधी काहीच द्यावे लागत नाही. पुस्तक जितक्या वेळा नेले जाईल तितक्या वेळा ठरलेली रक्कम दिली जाते.

समजा, दोन वर्षांच्या परवान्याची किंमत ६०० रुपये आहे आणि दर वाचनाचा पर्याय ४० रुपये आहे. दोन वर्षांत पाचच वाचक आले, तर परवान्यात प्रत्येक वाचन १२० रुपयांना पडते; दर वाचनाने एकूण खर्च २०० रुपयेच होतो. पंधराव्या वाचनाला दोन्ही खर्च सारखे होतात आणि त्यापुढे परवाना स्वस्त पडतो. म्हणून नव्या लेखकाने दोन्ही पर्याय खुले ठेवावेत. अपरिचित नावासाठी ग्रंथपाल ६०० रुपये आधी गुंतवायला कचरेल, ४० रुपयांना कचरणार नाही.

आता पेडण्यातील एका कल्पित लेखिकेचा कथासंग्रह घेऊ. तिच्याकडे छापखान्याने दिलेली पीडीएफ आहे. पहिली कसोटी सोपी आहे : त्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवावी. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला, तर अक्षरजुळणी युनिकोडमध्ये नाही. अशा मजकुरात शोध चालत नाही आणि त्यापासून चांगली ईपब फाइलही बनत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे पुन्हा तपासावी लागतात. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात. ईपबमध्ये भाषेची नोंद अशी हवी :

```
<dc:language>mr</dc:language>
```

ती चुकली, तर यादीत मराठी पुस्तके शोधणाऱ्याला हे पुस्तक दिसणारच नाही.

पुढचे काम आयएसबीएनचे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था हा क्रमांक विनामूल्य देते आणि लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. छापील आवृत्तीचा क्रमांक ईपबला चालत नाही. प्रत्येक स्वरूपाला वेगळा लागतो. अ‍ॅमेझॉन देते तो क्रमांक त्या दुकानापुरता असतो, तो आयएसबीएन नव्हे.

मग करार. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत ई-पुस्तक ९० दिवस इतरत्र न विकण्याची अट असते आणि नोंदणी आपोआप वाढत जाते. ग्रंथालयांना त्यातून सूट आहे का, हे सही करण्याच्या दिवशी असलेल्या अटींतच वाचावे.

ग्रंथपाल सहसा एकेका लेखकाशी करार करत नाही; तो ओव्हरड्राइव्हसारख्या पुरवठादाराच्या यादीतून निवडतो. त्या यादीत जाण्यासाठी लेखकाला ड्राफ्ट-टू-डिजिटलसारख्या वितरकामार्फत जावे लागते. तेथे ग्रंथालयासाठी वेगळी किंमत लावता येते. मराठी पुस्तक कोणत्या दुकानांत व ग्रंथालयांत जाईल, हे फाइल चढवण्याआधी विचारून घ्यावे.

ज्या ग्रंथालयाकडे अशी यंत्रणाच नाही, त्याला पीडीएफ ईमेलने देणे ही देवघेव नव्हे. फाइल परत येत नाही आणि तिच्या प्रती मोजताही येत नाहीत. द्यायचीच असेल, तर एका पानाचे परवानगीपत्र सोबत द्यावे : फाइल ग्रंथालयाच्या संगणकावरच वाचायची की वाचकाने घरी न्यायची, आणि किती वर्षांसाठी.

शेवटी, वितरकाच्या यादीत नाव आले म्हणजे पुस्तक ग्रंथालयात पोचले असे नाही. ते फक्त घेण्याजोगे झाले. निवड ग्रंथपाल करतो आणि त्याला वाचकाची मागणी दिसावी लागते. परदेशी ग्रंथालयाचा सभासद असलेला गोमंतकीय वाचक पुस्तकाची रीतसर मागणी नोंदवू शकतो. त्याला पुस्तकाच्या नावासोबत ईपबचा आयएसबीएन कळवावा, म्हणजे छापील आवृत्तीशी गफलत होणार नाही.