स्क्रीन काळी, पण टॉर्चखाली चित्र दिसतंय? नवीन स्क्रीन मागवण्याआधी हे तपासा

लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान टाकायचं ठरवलंय ना? मग आजच्या व्हिडिओतली केस इथे नीट लिहून देतोय.

समजा, जुलै महिना आहे. कामशेतहून एक ताई लॅपटॉप घेऊन तुमच्या लोणावळ्याच्या दुकानात आल्या. "स्क्रीन गेली, नवीन टाका," म्हणतात. लॅपटॉप सुरू करा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. आयकॉन पुसट दिसले, तर चित्र बनतंय, फक्त त्यामागचा उजेड गेलाय. म्हणजे बॅकलाइटचा फॉल्ट. त्याआधी ब्राइटनेसचं बटण मात्र दाबून बघा, कधीकधी तेवढंच असतं!

आता झाकण हळूहळू पुढे-मागे करा. उजेड येतो-जातो? मग बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल तुटत आलीय. काहीच फरक नाही? मग लॅपटॉप उघडा. चार्जर काढा, बॅटरीची पिन काढा, मगच मदरबोर्डाला हात लावा. घाईत बॅटरी न काढता ही केबल ओढली, तर चांगला फ्यूजही उडतो.

केबलच्या कनेक्टरजवळ बॅकलाइटचा बारीक फ्यूज असतो. मल्टीमीटर बीपवर ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना प्रोब लावा. बीप आला तर फ्यूज चांगला. नाही आला तर उडालाय.

पण लगेच नवीन फ्यूज लावू नका, आणि तारेचा तुकडा तर कधीच नको. फ्यूज उगाच उडत नाही. आपल्या मावळातल्या पावसाळी दमटपणात कनेक्टरवर हिरवट गंज चढतो, शेजारच्या पिना एकमेकींना जोडल्या जातात. म्हणून फ्यूजचं स्क्रीनकडचं टोक आणि ग्राउंड यांच्यात बीप बघा. बीप येतोय, म्हणजे शॉर्ट आहे. केबल बोर्डापासून सोडवल्यावर बीप थांबला, तर दोष केबलमध्ये किंवा पॅनलमध्ये. थांबला नाही, तर बोर्डावर. गंज असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या, परत बीप बघा. शॉर्ट गेला की त्याच रेटिंगचा फ्यूज लावा.

फ्यूज चांगला, केबलही बदलून पाहिली, तरी अंधार? मग पॅनल किंवा बोर्डाचा बॅकलाइट सिग्नल. दुसरं चालू पॅनल जोडून बघितलं की कळतं. पॅनलच गेलंय हे पक्कं झाल्यावरच लोकल पकडून पुण्यात तपकीर गल्लीत जा.

फ्यूज काही रुपयांचा, पॅनल हजारोंचं. ताईंना आधीच सांगा, "तपासणीचे इतके, दुरुस्तीचे वेगळे," आणि पावतीवर लिहा. फ्यूजचे पैसे नाही घ्यायचे, शोधण्याचे घ्यायचे.

साधारण २०१० च्या आधीचा लॅपटॉप आला तर गोष्ट वेगळी. त्यात एलईडीऐवजी ट्यूब असते आणि स्क्रीनखाली लांबट इन्व्हर्टर. स्क्रीन लालसर होऊन विझत असेल तर बहुधा ट्यूब. चालू इन्व्हर्टरवर शेकडो व्होल्ट असतात, तिथे बोट नको.