पात्रता-परीक्षेचे वाचन : क्षेत्रांची आखणी आणि वेळेचे गणित

तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमांत प्रबंधलेखनापूर्वी सर्वंकष पात्रता-परीक्षा घेण्याची पद्धत अमेरिकी विद्यापीठांत रूढ आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी किमान १२ श्रेयांकांचे पाठ्यकार्य ठरवून दिले. अशी परीक्षा मात्र सर्वांना सक्तीची केली नाही. तथापि आय.आय.टी.सारख्या काही संस्थांत ती घेतली जाते. परीक्षेत साधारणतः तीन विस्तृत क्षेत्रे असतात. प्रत्येक क्षेत्राची ग्रंथसूची विद्यार्थी मार्गदर्शकांच्या संमतीने स्वतःच तयार करतो. परीक्षा बिघडते ती बहुधा या सूचीपाशीच, आणि ते ध्यानात येते सहा-सात महिन्यांनी. म्हणून सूची व वेळापत्रक यांचा परस्परसंबंध एका उदाहरणाच्या आधारे येथे तपासावयाचा आहे.

भिलाईतील सुपेला येथे राहून अशी परीक्षा देऊ इच्छिणारी एक मराठीभाषक विद्यार्थिनी कल्पू. तिची क्षेत्रे तीन : पहिले, मराठी संतकाव्य, दुसरे, भारतीय कादंबरीचा १८५७ ते १९६० हा काळ, तिसरे, मराठी-हिंदी द्विभाषिकता व अनुवाद. तिसरे क्षेत्र तिच्या परिसरातूनच उगवले आहे. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे दोन्ही मराठी ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून जवळच्याच राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्यांची घरची भाषा मराठी, काव्याची भाषा हिंदी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत लिहीत राहिले.

या विद्यार्थिनीपाशी ४० आठवडे आहेत आणि नोकरी सांभाळून आठवड्याला २० तास वाचन शक्य आहे. पहिले ४ आठवडे सूची ठरविणे व ग्रंथ मिळविणे यांत जातील. सुपेल्यात राहणाऱ्याला जुनी मराठी पुस्तके व समीक्षा यांसाठी नागपूर गाठावे लागेल असे धरून चालावे; ती खेप याच काळात व्हावी. शेवटचे ६ आठवडे उत्तरलेखनाच्या सरावाचे, २ आठवडे आजारपण व सणवार यांसाठी राखीव. उरले २८. त्यांचे चार-चार आठवड्यांचे सात फेरे करावेत. प्रत्येक फेऱ्यात एकेक आठवडा एकेका क्षेत्राला द्यावा आणि चौथा आठवडा राहिलेले वाचन व एक लेखी उत्तर यांसाठी ठेवावा. अशा रीतीने प्रत्येक क्षेत्राला सात आठवडे, म्हणजे १४० तास मिळतात.

हा आकडा हाती आल्यावरच सूचीचे खरे स्वरूप उघडे पडते. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. जुन्या मराठीचा अर्थ लावीत, टिपणे काढीत तासाला साठ ओव्या वाचून झाल्या तरी संपूर्ण ग्रंथाला १५० तास लागतील. म्हणजे एकच ग्रंथ त्या क्षेत्राचा सगळा वेळ खाऊन वर दहा तास मागतो. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्यासाठी काहीच उरत नाही. याउलट पहिला, नववा व बारावा अध्याय घेतल्यास हजाराच्या आसपास ओव्या होतात व सतरा-अठरा तासांत काम भागते. परंतु हेच अध्याय का, याचे उत्तर विद्यार्थिनीपाशी असले पाहिजे. ‘भक्ती आणि लोकभाषा यांचा संबंध’ हा तिचा प्रश्न असेल तर निवडीचे समर्थन होते. प्रश्न योगमार्गाचा असेल तर सहावा अध्याय वगळता येणार नाही. तात्पर्य, क्षेत्राची सीमा कालखंडाने आखली तर सूची फुगत जाते. प्रश्नाने आखली तर काय वगळावे हे कळते.

दुसऱ्या क्षेत्राचेही गणित असेच. साडेतीनशे पृष्ठांची कादंबरी तासाला पंचवीस पृष्ठे या गतीने टिपणांसह १४ तास घेते. आठवड्याच्या २० तासांपैकी ६ तास समीक्षेला द्यावयाचे, तर एका फेऱ्यात एकच कादंबरी बसते. सात फेऱ्यांत सात : ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘परीक्षागुरु’ (१८८२), ‘इंदुलेखा’ (१८८९), हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’, फकीरमोहन सेनापती यांची ‘छ माण आठ गुंठ’, ‘गोदान’ (१९३६) आणि शरच्चंद्र मुक्तिबोध यांची ‘क्षिप्रा’ (१९५४). ‘यमुनापर्यटन’ लहान आहे. तेथे वाचलेला वेळ आपट्यांच्या विस्तृत कादंबरीकडे वळवावा. मलयाळम व ओडिया कादंबऱ्या अनुवादातून वाचल्या असतील तर सूचीत तसे नमूद करावे. उत्तरात त्यांच्या भाषाशैलीविषयी निर्णय देऊ नयेत. कथनरचना व विषय यांपुरतेच बोलावे.

मग सूचीतील उरलेल्या ग्रंथांचे काय? त्यासाठी सूचीच्या तीन श्रेणी कराव्यात. पहिल्या श्रेणीतील ग्रंथ समग्र वाचावयाचे, दुसऱ्यातील निवडक प्रकरणे, तिसऱ्यातील ग्रंथांचा समीक्षेद्वारा परिचय. ही श्रेणी परीक्षकांना आरंभीच दाखवून त्यांची संमती घ्यावी. अन्यथा विद्यार्थ्याने परिचयापुरता ठेवलेला ग्रंथ परीक्षक समग्र वाचलेला गृहीत धरतात आणि तोंडी परीक्षेत प्रसंग ओढवतो.

एक क्षेत्र संपवून दुसऱ्यास हात घालावा, असे पुष्कळांना स्वाभाविक वाटते. त्यात दोन तोटे आहेत. पहिल्या क्षेत्राचे वाचन परीक्षेपर्यंत सहा-सात महिने जुने होते. आणि मागे पडलेल्या वेळेचा सगळा भार शेवटच्या क्षेत्रावर पडतो. फेऱ्यांच्या पद्धतीत विलंब तिन्ही क्षेत्रांत वाटला जातो. शिवाय क्षेत्रे परस्परांना भेटतात. सप्र्यांचा हिंदी ‘दासबोध’ तिसऱ्या क्षेत्रात येतो, पण त्याचे मूळ पहिल्या क्षेत्रातील आहे. ‘क्षिप्रा’ दुसऱ्या क्षेत्रात असली तरी मुक्तिबोध बंधूंच्या भाषानिवडीचा प्रश्न तिसऱ्यात नेऊन पोहोचवते.

चौथ्या आठवड्यातील लेखी उत्तर हीच प्रगतीची कसोटी. पुस्तके मिटून एका तासात एका प्रश्नाचे उत्तर लिहावे. उत्तरात कथानकाचे सारांशच आले, तर वाचन झाले पण प्रश्न हरवला, असे समजावे. एकाच समीक्षकाचे मत पुनःपुन्हा येत असेल तर समीक्षेचे सहा तास एकाच पुस्तकात गेले आहेत. दुसऱ्या क्षेत्रातील एकही कृती सहज आठवली नाही, तर पुढच्या फेऱ्यात जुनी टिपणे पाहण्यास दोन तास काढावेत. टिपण प्रत्येक ग्रंथास एक पृष्ठ असावे. त्याहून मोठी टिपणे शेवटच्या सहा आठवड्यांत पुन्हा वाचून होत नाहीत.

वाचन मागे पडले तर आठवडे पुढे ढकलू नयेत. ग्रंथ एका श्रेणीने खाली आणावा व मार्गदर्शकांना कळवावे. तिसऱ्या फेऱ्याअखेर पहिल्या श्रेणीतील तीनांहून अधिक ग्रंथ असे खाली आणावे लागले, तर दोष वाचकाच्या गतीत नसून सूचीत आहे, आणि सूची बदलून घेण्यास तेव्हा सोळा आठवडे वाचनाचे शिल्लक असतात. सातव्या फेऱ्यात हेच लक्षात आले तर उपाय उरत नाही.